चेन लपवायची, झाकायची की उघडी ठेवायची?

ड्रेस शिवायला टाकताना टेलरला गळा सांगितला जातो, बाही सांगितली जाते, अस्तराचा रंगही दाखवला जातो. चेनबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच सूचना असते: ‘चेन दिसायला नको.’ मग कापड कुठलंही असो, बाजारातून कन्सील चेन येते आणि पाठीला लागते. पुढे दोन-तीन समारंभांत कधीतरी कमरेपाशी रनर अडकतो. जोर लावून ओढला की खालचे दाते सुटतात आणि ऐन कार्यक्रमात सेफ्टी पिनांची शोधाशोध सुरू होते. दोष चेनच्या माथी मारला जातो. खरं तर ती चेन त्या कापडाला आणि त्या ड्रेसच्या कमरेला मानवणारी नव्हती.

कपड्याला चेन लावण्याच्या रुळलेल्या पद्धती तीन. पहिली कन्सील, म्हणजे पूर्ण लपणारी. हिचे दाते मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे चेन बंद केली की वरून साधी शिवण दिसते आणि टोकाशी रनरचा लहानसा दांडा तेवढा उरतो. दुसरी लॅप चेन. हिच्यात साधी चेन कापडाच्या एका घडीखाली झाकलेली असते आणि वरून एकच टीप दिसते. पुरुषांच्या पँटची पुढची चेन याच घराण्यातली, म्हणून जुन्या टेलरचा या कामात हात बसलेला असतो. तिसरी उघडी चेन. तिचे दाते, कधी कधी दोन्ही बाजूंची फीतसुद्धा, मुद्दाम बाहेर दिसू दिलेली असते.

ही निवड दिसण्यावरून करायची असा समज आहे. पण अनुभवी हात आधी कापड बोटांत धरून दुमडून बघतो. घडी किती जाड होते, कापलेली कड किती पटकन उसवते आणि कपडा अंगावर आला की चेनवर आडवा ताण किती येणार, या तीन गोष्टी कळल्या की निवड बरीचशी झालेलीच असते.

कन्सील चेनपासून सुरुवात करू, कारण मागणी तिलाच सर्वांत जास्त आहे आणि फसगतही तिथेच होते.

या चेनचे दाते म्हणजे बारीक सिंथेटिक तारेचं वेटोळं. ते मागे गुंडाळलेलं असतं. टीप त्या वेटोळ्याच्या मुळाशी, जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर पडावी लागते. टीप दूर गेली तर चेन बंद केल्यावर शिवणीत फितीची रेघ डोकावते. फार जवळ गेली तर रनरला सरकायला जागा उरत नाही. म्हणून चेन आधी उघडून, उलट्या बाजूने अगदी मंद इस्त्री फिरवून वेटोळं उभं करून घेतात. इस्त्री तापलेली असेल तर ते वितळतं आणि चेन तिथेच कामातून जाते. मशीनलाही खास फूट लावतात. त्याच्या तळाला दोन खाचा असतात, त्यातल्या एकीतून वेटोळं सरळ पुढे सरकतं आणि सुई आपोआप योग्य जागी पडते. साध्या फुटाने ही टीप मारता येते, पण ती ओळीने सारख्या अंतरावर क्वचितच राहते.

एक गोष्ट घरी शिवणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही. कन्सील चेन लावताना खालची शिवण आधी मारायची नसते. दोन्ही भाग सुटे ठेवून चेन लावायची आणि मग उरलेली शिवण खालून वर आणायची. शिवाय रनर आडवा येत असल्याने टीप चेनच्या अगदी टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे चेन हव्या असलेल्या उघडीपेक्षा दीड-दोन इंच लांब घ्यावी लागते. चेनची टीप जिथे थांबते आणि खालची शिवण जिथे सुरू होते, त्या सांध्यात पाठीवर फुगा येतो. फुगा दिसला की समजावं, दोन टिपा एका रेषेत आलेल्या नाहीत. तिथे अरुंद, एका बाजूचा चेनचा फूट लावून, चेनचं शेपूट बाजूला ओढून धरायचं आणि खालची टीप वरच्या टिपेवर सेंटीमीटरभर चढवायची. मग तो फुगा बसतो.

मध्यम वजनाचं, घट्ट विणीचं, फार न ताणणारं कापड या चेनला आवडतं: पॉपलीन, क्रेप, साटीन, जरा भारी रेयॉन. जॉर्जेट-शिफॉनलाही ती चालते, पण तेव्हा नेहमीची फीत जड पडते आणि शिवण खाली ओघळल्यासारखी दिसते. अशा कापडासाठी जाळीदार, पातळ फितीची कन्सील चेन मिळते, ती मागून घ्यावी. होजियरीसारख्या ताणणाऱ्या कापडावर चेन लावली की ती नागमोडी होते, कारण शिवताना कापड ताणलं जातं आणि फीत ताणली जात नाही. दोन्ही कडांना आतून पातळ फ्यूजिंगची पट्टी चिकटवल्याखेरीज तिथे चेनला हात लावू नये.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. खणाचा वन-पीस सध्या लग्नसराईत खूप दिसतो. खण हे मुळात चोळीचं कापड. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं जुनं विणकाम केंद्र, आणि महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या खणाच्या चोळ्या शिवल्या गेल्या. चोळीला पुढे गाठ असायची, पुढे ब्लाउजला हुक आले. पाठीला वीस इंच लांब चेन लावायचा प्रसंग या कापडावर आताच येऊ लागला आहे.

समजा ड्रेसला कमरेला जोड आहे, खाली चुण्यांचा घेर आहे आणि पूर्ण अस्तर आहे. मागचा गळा थोडा खोल असल्याने गळ्यापासून कमरेपर्यंत तेरा इंच येतात. कमरेखाली उघड सात इंच तरी हवी, नाहीतर कमरेचा अरुंद भाग खांद्यांवरून किंवा नितंबांवरून उतरणार नाही. म्हणजे उघड वीस इंचांची आणि कन्सील चेन बावीस इंची.

पहिली अडचण उसवण्याची. खणाची कापलेली कड पटकन सुटते आणि चेनच्या टिपेपर्यंत धागे निघाले की ताण पडताच कापड टिपेतून सरकतं. शिवणीलगत धागे विरळ होऊन बारीक उभ्या फटी दिसू लागतात, ती याची पहिली खूण. उपाय शिवण्याआधीच करावा लागतो. चेन येणार त्या दोन्ही कडांना आतून एक इंच रुंदीची हलकी फ्यूजिंग पट्टी अशी लावायची की टीप तिच्या मधोमध पडेल. मग कडा इंटरलॉक करायच्या. माया पाऊण इंचापेक्षा कमी ठेवायची नाही.

दुसरी अडचण कमरेच्या जोडाची, आणि ती जास्त गंभीर आहे. खण आणि अस्तर एकत्र धरलं तर चोळीचे दोन थर झाले. कमरेच्या जोडाची माया वरच्या बाजूला वळवली की त्यात चोळीचे दोन आणि घेराचे दोन थर मिळतात. एका जागी सहा थर झाले. चेनपाशी हीच कड पुन्हा आत दुमडली जाते, म्हणजे बारा. चुण्या तिथपर्यंत आल्या असतील तर त्याहून जास्त. कन्सील चेनच्या बारीक रनरला या गाठोड्यावरून जाता येत नाही. बहुतेक ड्रेसांची चेन कमरेपाशी अडकते ती यामुळे.

हे थर कमी करता येतात. चुण्या चेनपासून दीड इंच अलीकडे थांबवायच्या. कमरेची माया चेनपाशी एका बाजूला न वळवता उघडून दोन्हीकडे बसवायची, की सहाचे चार थर होतात. त्या मायेतलं अस्तर तेवढ्यापुरतं छाटून टाकलं की तीन उरतात आणि दुमडल्यावर सहा, म्हणजे आधीच्या निम्मे. टीप कमरेवरून जाताना अर्धा इंचभर वेटोळ्यापासून केसभर दूर घ्यायची. तेवढी फीत दिसत नाही आणि रनर मोकळा सरकतो.

कमरेची रेघ दोन्ही बाजूंना जुळवण्याचीही एक रीत आहे. चेनची एक बाजू शिवून झाली की चेन बंद करायची, कमरेची शिवण दुसऱ्या बाजूच्या फितीवर जिथे येते तिथे खडूने खूण करायची आणि चेन उघडून दुसरा भाग शिवताना आधी ती खूण जुळवून धावदोरा घालायचा. खणावर नक्षी ओळीने असते. ती पाव इंच जरी वरखाली झाली तरी पाठीकडे पाहणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतं.

तिसरी गोष्ट ताणाची. कन्सील चेनचे दाते आडव्या ओढीला फारसे टिकत नाहीत. अंगाला अगदी चोपून बसणाऱ्या ड्रेसात बसलं, वाकलं की सगळी ओढ कमरेच्या दोन इंचांवर येते आणि दाते मधूनच फाकतात. रनर वर असताना मधे फट पडली तर चेन खराब निघाली असं नव्हे, ड्रेस तंग आहे. यावर जुन्या ड्रेसमेकरांची एक रीत फार उपयोगाची आहे. कमरेच्या आतल्या बाजूने न ताणणारी, सुमारे एक इंच रुंद फीत कमरेच्या मापाची कापून शिवणींना टाचतात आणि तिला पाठीमागे हुक लावतात. ड्रेस घातल्यावर आधी हे आतलं हुक लावायचं, मग चेन ओढायची. कमरेचा ताण फीत घेते, चेन फक्त कापड मिटवते. गळ्याशी चेनच्या वरही एक लहान हुक असावं, म्हणजे रनर आपोआप खाली उतरत नाही.

एवढं सगळं केलं तर खणाच्या ड्रेसला कन्सील चेन छान बसते. पण घेर दाट चुण्यांचा असेल, अस्तर जाड असेल किंवा टेलरकडे त्या चेनचा खास फूट नसेल, तर हट्ट सोडावा आणि लॅप चेन लावावी. अशा ड्रेसचं काम निर्धोक चालणं महत्त्वाचं, आणि लॅप चेनची पाठीवरची एक सरळ टीप खणाच्या नक्षीत जवळपास मिसळून जाते.

लॅप चेनला आपल्याकडे उगीच जुनाट मानलं जातं. गिडिअन सुंडबॅक या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्याने १९१७ मध्ये आजच्या धर्तीच्या चेनचं पेटंट मिळवलं, तेव्हा आणि त्यानंतर बरीच वर्षं चेनचे दाते धातूचेच असत. ते जाड दाते नाजूक कपड्यात झाकायला कापडाची पट्टी लागायची. पुढे सिंथेटिक वेटोळ्याची हलकी चेन आली तरी या पद्धतीचा मोठा गुण कायम राहिला. हिच्यात साधी, मजबूत चेन वापरता येते आणि रनरला कापडाची घडी घासत नाही.

तिची रीत अशी. उघडीच्या खालची शिवण आधी मारून घ्यायची. खाली राहणाऱ्या बाजूची माया शिवणरेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर दुमडायची, ती घडी दात्यांना चिकटून ठेवायची आणि कडेवर टीप मारायची. वरची बाजू नेमकी शिवणरेषेवर दुमडायची. ती आपोआप पहिली टीप आणि दाते झाकून पुढे येते. मग घडीपासून सेंटीमीटरभर अंतरावर वरून टीप: खालच्या शिवणीपासून सुरुवात, थोडं आडवं, कोपरा वळवून सरळ वर कमरेपर्यंत. टीप खालून वर नेली की कापड खाली ढकललं जाऊन ढेंगूळ होत नाही. पाठीच्या चेनला बहुधा डावी बाजू उजवीवर येते. स्कर्टला डाव्या कुशीत चेन असेल तर पुढचा भाग मागच्यावर येतो, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला फट दिसत नाही.

या पद्धतीची अट एकच, पण कडक आहे: माया. वरची टीप घडीपासून सेंटीमीटरभर आत पडते आणि तिच्या पलीकडेही कापड उरावं लागतं. अर्धा इंच मायेत टीप कडेवरच जाते आणि दोन धुण्यांत सुटते. एक इंच माया असली तर काम निश्चिंत होतं. खादी, लिनन, गॅबर्डीन, सुटाचं कापड, जाड कॉटन यांची घडी इस्त्रीखाली पक्की बसते, म्हणून लॅप चेन त्यांच्यावर फार देखणी दिसते. बुळबुळीत साटीनवर मात्र वरची टीप सुरकुत्या पाडते. मखमलीवर तर मशीनचा फूट लव दाबून कायमचा पट्टा उमटवतो. अशा कापडांवर वरची टीप हाताने घालतात. चेनवरून बारीक उलट टाका घ्यायचा, वर फक्त टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसू द्यायचा आणि टाक्यांमध्ये अर्धा सेंटीमीटर अंतर ठेवायचं. वेळ लागतो, पण लग्नाच्या भारी रेशमी किंवा मखमली कपड्यावर याहून चांगली चेन दुसरी नाही. हा टाका चुकला तर तो कापड न दुखवता उसवता येतो, हा आणखी एक फायदा.

पैठणीपासून ड्रेस शिवणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. जुन्या साडीच्या रेशमात सुईची भोकं राहतात आणि जरीच्या भागात टीप उसवून पुन्हा मारली तर कापड चिरतं. तिथे चेनची जागा शक्यतो अंगाच्या साध्या भागात, कुशीत घ्यावी आणि चेन काठातून जाऊ देऊ नये.

उघड्या चेनचं समर्थन करणारी पहिली मोठी नावं पॅरिसची. एल्सा स्किआपारेली या डिझायनरने १९३५ च्या सुमारास आपल्या उंची पोशाखांवर रंगीत प्लास्टिकच्या चेनी मुद्दाम दिसतील अशा लावल्या. चेन ही तोपर्यंत लपवायची वस्तू होती. आज उघडी चेन डेनिमच्या स्कर्टवर, लोकरी जॅकेटवर, लेदरवर सर्रास असते, आणि तिथे ती असण्याला हौसेपलीकडचं कारणही आहे. या कापडांची घडी घालणंच अवघड. जाड डेनिमची माया आत दुमडून तिच्यात कन्सील चेन बसवली तर वेटोळं घडीत गाडलं जातं. लेदरमध्ये टाचणीचं भोकही कायम राहतं, त्यामुळे धावदोरा आणि उसवणं दोन्ही बाद. तिथे चेन दुतर्फी चिकटपट्टीने जागेवर धरून एकाच प्रयत्नात टीप मारतात.

शिवणीवर उघडी चेन लावणं सोपं. कापडाच्या मधोमध, शिवण नसलेल्या जागी लावायची असेल तर आधी तिच्यासाठी खिडकी करावी लागते. कापडाच्या सुलट बाजूवर पातळ पट्टी ठेवून सुमारे एक सेंटीमीटर रुंद, चेनच्या दात्यांएवढा लांब चौकोन शिवायचा. मधून कापायचं आणि टोकांशी तिरक्या चिरा कोपऱ्याच्या टाक्यापर्यंत, पण टाका न कापता न्यायच्या. पट्टी आत उलटवून इस्त्री करायची, खाली चेन ठेवायची, भोवतीने टीप मारायची. चीर अपुरी राहिली तर कोपऱ्यात चुणी पडते. एक धागा जास्त कापला गेला तर कोपरा फाटत जातो. त्या चौकोनाखाली फ्यूजिंग हवंच, आणि सुती कापडावर हे काम पहिल्यांदा करताना उरलेल्या तुकड्यावर करून बघावं.

हलक्या कापडावर धातूची जड चेन लावू नये. मलमल किंवा जॉर्जेटचा गळा तिच्या वजनाने खाली ओढला जातो आणि पाठीवर चेन लोंबत राहते. तिथे उघडी चेनच हवी असेल तर सिंथेटिक वेटोळ्याची तीन नंबरची घ्यावी. चेनचा नंबर बंद दात्यांची रुंदी साधारण मिलिमीटरमध्ये सांगतो, त्यामुळे पाच नंबर जॅकेटला शोभतो, ड्रेसला जड होतो. धातूच्या चेनच्या आत कापडाची रुंद पट्टीही असावी. ती नसेल तर दाते पाठीला टोचतात आणि आतल्या स्लिपचे धागे रनरमध्ये ओढले जातात.

कपडा ताब्यात घेताना चेन टेबलावर नव्हे, अंगावर तपासावी. आठ-दहा वेळा वरखाली करून बघावी, कमरेच्या जोडावर हात जड होतो का ते पाहावं, बसून आणि थोडं वाकून आरशात पाठ बघावी. कन्सील चेनमध्ये फितीची रेघ दिसली तर टीप जवळून पुन्हा मारून घेता येते. मधे दाते फाकले तर चेन बदलून काही होत नाही, कुशीतून माया सोडवावी लागते.

म्हणूनच चेनविषयीचा प्रश्न कापड कापण्यापूर्वी विचारावा. टेलरला चेनची जागा आधी सांगावी, कमरेला चुण्या असतील तर लॅप चेन चालेल असं मोकळेपणाने म्हणावं आणि चेन येणाऱ्या दोन्ही कडांना पूर्ण एक इंच माया ठेवायला सांगावी. एक इंच माया असली तर तिन्हींपैकी कुठलीही चेन नंतरही लावता येते. अर्ध्या इंचात लॅप चेन हातची जाते.